संमिश्र भिंतीतून जाणाऱ्या उष्णतेचे उत्तर जुळत नाही? रोध कुठे चुकीचा जोडला ते असे शोधा

डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलांच्या उष्णता संक्रमणाच्या वह्या मी बरीच वर्षे तपासतो आहे. अधूनमधून एसीचा लोड काढणाऱ्या मंडळींची हिशेबपत्रकेही माझ्याकडे येतात. दोन्हीकडे तीच चूक पुन्हा पुन्हा दिसते. प्रत्येक थराचा रोध बरोबर काढलेला असतो, आकडेमोडही बरोबर असते, पण रोधांची जोडणी चुकलेली असते. एकसर जिथे हवी तिथे समांतर, नाहीतर समांतर जोडणी करताना क्षेत्रफळ विसरलेले. अशी चूक पकडायचा माझा क्रम इथे लिहितो. आधी एका मिनिटात होणारी तपासणी, मग वेळखाऊ.

सगळे एकाच उदाहरणावर करू. नागपूरच्या उन्हाळ्यातली खोली धरा. बाहेर ४० अंश, आत एसीमुळे २४ अंश. भिंत ४ मीटर लांब, ३ मीटर उंच, म्हणजे १२ चौरस मीटर. बाहेरून नऊ इंची विटांची भिंत आहे. तिला आतून ५० मिमी जाडीच्या लाकडी पट्ट्या ठोकल्या आहेत, पट्ट्यांच्या मधल्या जागेत ग्लासवूल भरली आहे आणि त्यावर १२ मिमी प्लायवूड मारले आहे. पट्टी ६० मिमी रुंद आणि दर ६०० मिमीला एक, म्हणजे त्या थराचा १० टक्के भाग लाकूड आणि ९० टक्के ग्लासवूल.

दर चौरस मीटरचा रोध असा. घन थरासाठी जाडी L भागिले पदार्थाची उष्णतावाहकता k, आणि हवेच्या थरासाठी १/h, जिथे h हा उष्णता संक्रमण गुणांक:

```
बाहेरची हवा        १/२०         ०.०५००
वीट, २३० मिमी      ०.२३/०.८     ०.२८७५
ग्लासवूल, ५० मिमी   ०.०५/०.०४    १.२५००
लाकूड, ५० मिमी      ०.०५/०.१५    ०.३३३३
प्लायवूड, १२ मिमी    ०.०१२/०.१२   ०.१०००
आतली हवा          १/८          ०.१२५०
```

लक्षणे

याच भिंतीची उत्तरे वह्यांमध्ये कशी येतात ते बघा, तुमचे त्यात बसते का कळेल.

८९ वॅट आले असतील तर सहाही रोध एका खाली एक मांडून बेरीज केली आहे. लाकूड आणि ग्लासवूल एकामागे एक आहेत असे धरले गेले.

२३३ वॅट आले असतील तर लाकूड आणि ग्लासवूल समांतर आहेत हे ओळखले, पण १/R ची बेरीज करताना १० आणि ९० टक्क्यांचा हिस्सा घेतला नाही.

८,१६० वॅट आले असतील तर १० आणि ९० टक्क्यांचा हिस्सा घेतला, पण हवेसकट सगळ्याच थरांचे १/R जोडले, म्हणजे अख्खी भिंत समांतर झाली. एवढी उष्णता एका भिंतीतून येत असेल तर तिच्यासाठीच दोन टनांहून मोठा एसी लागेल, कारण एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट.

५५ वॅट आले असतील तर घन थरांना क्षेत्रफळाने भागले आणि हवेच्या दोन थरांना भागायचे राहून गेले.

११२ वॅट म्हणजे समांतर भागांच्या रोधांचीच टक्केवारीने सरासरी काढली. आणि १२१ वॅट म्हणजे शेवटी एकदा उलटे करायचे विसरले. ही शेवटची दोन दुखणी सगळ्यांत वाईट, कारण दोन्ही उत्तरे दिसायला चांगली दिसतात. त्यांच्याकडे पुढे नीट येऊ.

पहिली तपासणी: दोन टोकांच्या भिंती

कागदाच्या कोपऱ्यात होते, वही पुन्हा सोडवावी लागत नाही. त्या मधल्या थरात लाकूड अजिबात नाही, सगळी ग्लासवूल आहे, असे समजा. मग सगळे थर एकामागे एक येतात आणि जोडणीचा प्रश्नच उरत नाही. वीट, प्लायवूड आणि दोन्ही बाजूंची हवा मिळून ०.५६२५ होतात, त्यात १.२५ मिळवले की १.८१२५. उष्णता म्हणजे क्षेत्रफळ गुणिले तापमानाचा फरक, भागिले रोध. १२ गुणिले १६ म्हणजे १९२, त्याला १.८१२५ ने भागले की १०६ वॅट. आता उलटे टोक घ्या, सगळे लाकूड. एकूण रोध ०.८९५८ आणि उष्णता २१४ वॅट.

खरी भिंत या दोन टोकांच्या मधली आहे, म्हणून खरे उत्तर १०६ आणि २१४ च्या मध्येच पडले पाहिजे. ही सीमा कोणत्याही सूत्रावर अवलंबून नाही. ग्लासवूल काढून तिथे तिच्यापेक्षा जास्त उष्णता नेणारे लाकूड घातले, तर उष्णता कमी होईलच कशी? आता लक्षणांची यादी पुन्हा पाहा. ५५, ८९, २३३ आणि ८,१६० ही चारही उत्तरे इथेच बाद झाली. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक चुका या पहिल्या पायरीवरच सापडतात, म्हणून ती गाळू नका.

दुसरी तपासणी: बोट फिरवा

उत्तर सीमेबाहेर गेले, आता चूक कुठे ते शोधायचे. भिंतीची वरून दिसणारी आकृती काढा. थर उभे, पट्ट्यांचे छोटे चौकोन त्यांच्या जागी. आता बोट बाहेरच्या हवेवर ठेवून सरळ आत आणा आणि वाटेत काय काय लागते ते मोठ्याने म्हणा: हवा, वीट, ग्लासवूल, प्लायवूड, हवा. मग बोट दोन इंच बाजूला घेऊन पुन्हा तेच करा: हवा, वीट, लाकूड, प्लायवूड, हवा.

एकाच फेरीत जे दोन पदार्थ बोटाखाली येतात ते एकसर. ज्यांच्यापैकी एकच येतो, दुसऱ्यासाठी बोट सरकवावे लागते, ते समांतर. मी मुलांना हे माझ्यासमोर करायला लावतो. ८९ वॅट काढलेला मुलगा "ग्लासवूल... मग लाकूड..." म्हणत बोट नेतो आणि मध्येच थांबतो, कारण आकृतीत ग्लासवुलीच्या मागे लाकूड नसतेच. लाकूड तिच्या शेजारी असते. त्याची चूक प्रश्न वाचताना झालेली असते. गणितात पदार्थांची यादी एका ओळीत दिलेली असते, आणि यादीतला क्रम म्हणजेच भिंतीतला क्रम असे तो धरून चालतो.

इथे एक सावधगिरी. "मी प्रत्येक थरावरचे तापमान काढून पडताळले, बेरीज बरोबर १६ अंश येते" असे पुष्कळ जण सांगतात. ती पडताळणी जोडणीची चूक पकडत नाही. ८९ वॅटच्या चुकीच्या उत्तरातही ग्लासवुलीवर ९.३ अंश, लाकडावर २.५ अंश, असे करत बेरीज १६ येतेच. एकूण रोधाने भागून आलेली उष्णता त्याच रोधांना पुन्हा गुणली, तर दुसरे काय येणार? त्या पडताळणीत विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे: ग्लासवूल आणि लाकूड यांच्या मधल्या पृष्ठभागाचे जे तापमान तुम्ही लिहिले, तो पृष्ठभाग आकृतीत बोट ठेवून दाखवा. तो दाखवता येत नाही.

तिसरी तपासणी: क्षेत्रफळ एकदाच आणि सगळीकडे

बारावीच्या भौतिकीत आपण रोध शिकतो तो विजेचा, आणि त्याची समांतर जोडणी १/R = १/R१ + १/R२ अशी पाठ असते. हे सूत्र उष्णतेलाही चालते, पण त्यातला R हा त्या पूर्ण तुकड्याचा रोध असतो, L/(kA), एकक केल्विन प्रति वॅट. वरच्या तक्त्यातला रोध L/k आहे, म्हणजे एका चौरस मीटरचा. तो थेट या सूत्रात घातला की लाकूडही पूर्ण भिंतभर आणि ग्लासवूलही पूर्ण भिंतभर, अशा एकाच जागेत दोन भिंती उभ्या राहतात. २३३ वॅट येतात ते यामुळे.

म्हणून दोन्हींपैकी एक पद्धत निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

पूर्ण तुकड्यांची पद्धत घेतली तर लाकडाचे क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर, त्याचा रोध ०.३३३३/१.२ = ०.२७७८. ग्लासवुलीचे १०.८ चौरस मीटर, रोध १.२५/१०.८ = ०.११५७. इथे मुले दचकतात, की ग्लासवुलीचा रोध लाकडापेक्षा कमी कसा? पदार्थ म्हणून ती चांगलीच रोधक आहे, पण तिची वाट नऊपट रुंद आहे. समांतर जोडणी केली की ०.०८१७ येते, दोघांपेक्षा लहान, जशी यायला हवी.

चौरस मीटरची पद्धत घेतली तर हिस्सा वाहकतेला, म्हणजे १/R ला, लावायचा: ०.९/१.२५ + ०.१/०.३३३३ = ०.७२ + ०.३० = १.०२. मग उलटे करून रोध ०.९८०४. याला १२ ने भागले की वरचेच ०.०८१७ मिळतात. या पद्धतीत उत्तर दोघांपेक्षा लहान येत नाही. ते ०.३३ आणि १.२५ च्या मध्ये येते. "समांतर म्हणजे सगळ्यांत लहान रोधापेक्षाही लहान" हा नियम डोक्यात ठेवून काही जण बरोबर आलेले ०.९८०४ खोडतात आणि चुकीचे ०.२६ लिहितात. तो नियम पूर्ण तुकड्यांच्या रोधांसाठी आहे.

हवेच्या दोन थरांचे १/h विसरू नका. पूर्ण तुकड्यांच्या पद्धतीत तेही १/(hA) होतात. ५५ वॅटचे उत्तर म्हणजे बरोबर हेच राहिलेले.

हे सगळे जमले की एकूण रोध ०.५६२५ + ०.९८०४ = १.५४२९ आणि उष्णता १२४ वॅट.

चौथी तपासणी: जाडी दुप्पट करून पाहा

आता ती १२१ वॅटची गोष्ट. या मुलाने ०.७२ + ०.३० = १.०२ पर्यंत सगळे बरोबर केले, पण १.०२ ही वाहकता आहे हे विसरून ती रोध म्हणून बेरजेत घातली. ०.५६२५ + १.०२ = १.५८२५, उत्तर १२१. बरोबर उत्तर १२४. कुणालाही वाटेल की दशांशाचा फरक असेल, आणि वही तपासणाराही गुण देऊन टाकेल. मीसुद्धा एकदा असे गुण दिले होते. पुढच्या वर्षी त्याच रीतीने सोडवलेले दुसरे गणित साफ चुकले, तेव्हा माझ्या लक्षात आले. १ च्या जवळची संख्या उलटी केली तरी १ च्या जवळच राहते, म्हणून ही चूक लपली.

अशी चूक बाहेर काढायला एकच आकडा बदला. ग्लासवूल आणि पट्ट्या ५० ऐवजी १०० मिमी करा आणि तुमच्याच रीतीने पुन्हा सोडवा. बरोबर रीतीत वाहकता ०.५१ होते, रोध १.९६, आणि उष्णता १२४ वरून ७६ वॅटवर उतरते. चुकलेल्या रीतीत ०.५१ हाच रोध म्हणून बसतो आणि उष्णता १२१ वरून १७९ वर चढते. रोधक जाड केल्यावर जास्त उष्णता आत येते असे गणित सांगू लागले, की कुठेतरी उलटे करायचे राहिले हे नक्की. हिशेब संगणकावरच्या तक्त्यात असेल तर याला दहा सेकंदही लागत नाहीत. तक्ता वापरणाऱ्यांनी ही तपासणी पहिलीच्या बरोबरीने करावी.

पाचवी तपासणी: दोन रीतींच्या मध्ये पकडा

उरले ११२ वॅट. रोधांची सरासरी, ०.९ × १.२५ + ०.१ × ०.३३३३ = १.१५८३. हे उत्तर १०६ ते २१४ च्या आत आहे आणि जाडी वाढवली की कमीही होते. म्हणजे आतापर्यंतच्या चाचण्यांतून ते सुटते. इथे थोडी मेहनत लागते.

१२४ काढताना आपण गृहीत धरले होते की विटेच्या आतल्या पृष्ठभागावर सगळीकडे एकच तापमान आहे, म्हणजे विटेत उष्णता आडवी कितीही सहज सरकते आणि लाकडाकडे गोळा होते. खरी वीट इतकी उदार नसते. याउलट टोक असे, की उष्णता आडवी सरकतच नाही. मग भिंतीचे आरपार दोन स्वतंत्र रस्ते होतात. ग्लासवुलीच्या रस्त्याचा रोध १.८१२५ आणि हिस्सा ०.९, लाकडाच्या रस्त्याचा रोध ०.८९५८ आणि हिस्सा ०.१. वाहकता ०.४९६६ + ०.१११६ = ०.६०८२, उष्णता ११७ वॅट.

आडवे सरकणे पूर्ण मोकळे असले तर उष्णता सर्वांत जास्त जाते, पूर्ण बंद असले तर सर्वांत कमी. खरी भिंत मध्ये कुठेतरी. म्हणून खरे उत्तर ११७ ते १२४, आणि ११२ त्याच्या खाली पडले की ते चूक. सरासरी रोधाची पद्धत नेहमी कमी उष्णता दाखवते, कारण ती लाकडाच्या सोप्या वाटेला तिच्या १० टक्के जागेएवढेच महत्त्व देते. प्रत्यक्षात १२४ च्या हिशेबात त्या थरावर १०.१७ अंश पडतात. लाकडातून ३७ वॅट जातात आणि ग्लासवुलीतून ८८. दहा टक्के जागेतून जवळपास तीस टक्के उष्णता जाते. माझ्या अनुभवात साइटवरच्या हिशेबात सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक हीच आहे, आणि तिच्यामुळे रोधक आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.

परीक्षेत यातले कोणते लिहायचे? प्रश्नात थरांच्या पृष्ठभागांवर एकसारखे तापमान असे म्हटले असेल तर १२४. काही म्हटलेच नसेल तर कोणते गृहीतक घेतले ते एका ओळीत लिहा. बांधकामाच्या कामासाठी आयएसओ ६९४६ हे मानक दोन्ही टोकांचे रोध काढून त्यांची सरासरी घ्यायला सांगते. आपल्या भिंतीसाठी ते रोध १.६४४ आणि १.५४३, सरासरी १.५९४, उष्णता १२० वॅट. ही एकूण रोधाच्या दोन टोकांची सरासरी आहे. ११२ वाल्याने एकाच थरातल्या दोन पदार्थांच्या रोधांची सरासरी काढली होती, तिच्याशी हिची गल्लत करू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

दोन टोकांमधले अंतर हीच थांबायची खूण आहे. आपल्याकडे ते सहा-सात टक्के होते, म्हणून कुठलेही उत्तर घेतले तरी एसीच्या निवडीत फरक पडत नाही. आता त्याच भिंतीत लाकडी पट्टीऐवजी १.५ मिमी पत्र्याची पोलादी चौकट घाला, दर ६०० मिमीला एक. पोलादाची उष्णतावाहकता k सुमारे ५०. जागा फक्त पाव टक्का. पहिल्या रीतीने २२२ वॅट येतात, दुसऱ्या रीतीने १०७. दुपटीहून जास्त फरक. शिवाय पत्र्याच्या वळवलेल्या कडा प्लायवूडला जिथे टेकतात तिथे उष्णता गोळा होते, ते यात धरलेलेच नाही. अशा वेळी सरासरी घेऊन पुढे जाऊ नका. आयएसओ ६९४६ मध्येही रोधाची वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या दीडपटीपेक्षा मोठी असेल किंवा रोधकातून धातू आरपार जात असेल, तर ही सोपी रीत चालत नाही. मग द्विमितीय संख्यात्मक गणन करणारा माणूस हवा. हाताने कितीही काळजीपूर्वक केले तरी ते उत्तर भरवशाचे होत नाही.

भिंतीला पश्चिमेचे थेट ऊन असेल तरही थांबा. विटेत दिवसभर उष्णता साठते आणि संध्याकाळी आत येते. आपला सगळा हिशेब स्थिर अवस्थेचा आहे, तो दुपारचा कमाल लोड सांगत नाही.

शीतगृहाच्या भिंतीसाठी तर पहिल्या तीन तपासण्यांपलीकडे स्वतः जाऊ नका. तिथे प्रश्न वॅटचा कमी आणि बाष्पाचा जास्त असतो. बाष्परोधक थर चुकीच्या बाजूला बसला किंवा फाटला, तर रोधकात पाणी साचते आणि ०.०४ ची वाहकता ०.०४ राहतच नाही. भिंतीवर ओल किंवा बुरशी दिसत असेल तर गणित बाजूला ठेवून शीतकरणाच्या तंत्रज्ञाला भिंत दाखवा. त्याच्याकडे जाताना थरांची आकृती, प्रत्येकाची जाडी, पट्ट्यांमधले अंतर, पट्टी लाकडाची की पत्र्याची, आणि दोन्ही टोकांची तुमची उत्तरे सोबत न्या.